यात्रेतील पाणी आणि बर्फ

बेळगाव-निपाणीकडील यात्रेकरू पशुपतिनाथ व मुक्तिनाथाच्या दर्शनास निघतात, तेव्हा आपण परदेशी जात आहोत ही जाणीव त्यांना क्वचितच असते. पारपत्र लागत नाही, देव ओळखीचे, डाळभातही घरच्यासारखाच. पाणी मात्र अनोळखी असते.

नेपाळात अतिसाराचा जोर पावसाळ्याच्या तोंडावर वाढतो आणि आपली उन्हाळी सुटीही नेमकी त्याच सुमारास येते. त्या दिवसांत सायक्लोस्पोरा नावाचा परजीवी तेथे आढळतो. क्लोरीनच्या गोळीने तो मरत नाही, उकळल्याने मरतो. काठमांडूत पाणी खळखळून एक मिनिट उकळले तरी पुरते. मुक्तिनाथ सुमारे ३७०० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९० अंशांच्या आतच उकळू लागते. यास्तव ते तीन मिनिटे उकळावे.

बर्फाविषयी तर मोठाच गैरसमज आहे. गोठल्याने सारे जंतू मरत नाहीत. सरबतात बर्फ विरघळला की ते पोटात जातात. सीलबंद बाटलीतील पाण्यात असा बर्फ टाकल्यास बाटलीचे पैसे व्यर्थ होत. कच्ची कोथिंबीर, कोशिंबीर व कापून ठेवलेली फळे यांनाही हाच न्याय लागू आहे. त्यापेक्षा वाफाळता भात, कढत चहा आणि स्वहस्ते सोललेले केळे बरे.

परतल्यावर आठवडाभराने जुलाब व थकवा सुरू झाल्यास डॉक्टरांना नेपाळयात्रेची गोष्ट अवश्य सांगावी. नेहमीच्या मलतपासणीत हा परजीवी सहसा सापडत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी मागवावी लागते.