फिरून आलेला टोला

समजा, नंदूची साठी आहे. मित्रांनी एक छोटा हॉल घेतला आहे आणि नेहमीच्या गुणगौरवाऐवजी नंदूचा 'रोस्ट' करायचं ठरवलं आहे. पहिला मित्र माईक हातात घेतो. "गेली २५ वर्षं आम्ही एकत्र हॉटेलात जातोय. बिल टेबलावर आलं, की नंदूला फोन येतो. आणि फोन इतका महत्त्वाचा असतो, की तो बाहेर जाऊनच घ्यावा लागतो." लोक हसतात, नंदूही हसतो. मग विषय बदलतो. त्याचं टक्कल, त्याची जुनी स्कूटर, त्याचं गाणं अशी एकेकाची वाट लागते. वीसेक मिनिटांनी तिसरा मित्र उभा राहतो आणि नंदूच्या लग्नाची गोष्ट काढतो. "तेव्हा मोबाइल नव्हते. तरीही गुरुजींनी 'दक्षिणा' म्हणताच नंदू कानाला हात लावून मांडवाबाहेर गेला."

या दुसऱ्या वाक्याला पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा हशा येतो. खरं तर विनोद तोच आहे, नंदू पैसे द्यायच्या वेळी पळतो एवढाच. मग जुनाच टोला दुसऱ्यांदा जोरात का बसतो? विनोदी कलाकार अशा परतीच्या टोल्याला 'कॉलबॅक' म्हणतात. रोस्टमध्ये त्याला जेवढी किंमत आहे, तेवढी स्टँड-अपच्या इतर कुठल्या प्रकारात असेल असं मला वाटत नाही.

याचं एक कारण रोस्टच्या बांधणीतच आहे. हा प्रकार वाढला तो न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबमध्ये. १९०४ साली स्थापन झालेल्या या क्लबात नाटक-सिनेमावाली मंडळी आपल्यातल्याच एखाद्याला सन्मानाने बोलावून त्याची भरसभेत टर उडवत. पुढे डीन मार्टिनने तो अमेरिकेच्या टीव्हीवर घरोघरी पोचवला आणि २००३ पासून 'कॉमेडी सेंट्रल' वाहिनीने त्याला आजचं धारदार रूप दिलं. आखणी मात्र फारशी बदलली नाही. व्यासपीठावर सात-आठ जण ओळीने बसतात. सूत्रधार, म्हणजे 'रोस्टमास्टर', एकेकाला बोलावतो. बोलणारा आधी शेजारी बसलेल्यांना चिमटे काढतो आणि मग सत्कारमूर्तीकडे वळतो. सगळ्यांत शेवटी सत्कारमूर्ती उठून सर्वांची परतफेड करतो. म्हणजे तेच श्रोते त्याच दहा माणसांबद्दल सलग दीड-दोन तास ऐकत असतात. पहिल्या अर्ध्या तासात पेरलेलं शेवटच्या अर्ध्या तासात उगवावं, अशीच ही रचना आहे.

आता नंदूच्या दोन टोल्यांकडे पुन्हा पाहू. कुठल्याही विनोदाला आधी मांडणी लागते. पहिल्या मित्राला हॉटेल, बिल, फोन, बाहेर जाणं हे सगळं सांगावं लागलं, तेव्हा कुठे हशा आला. तिसऱ्या मित्राला यातलं काहीच सांगावं लागलं नाही. त्याने 'बिल' हा शब्दही उच्चारला नाही. 'दक्षिणा' आणि 'कानाला हात' एवढंच तो बोलला. मधला पूल श्रोत्यांनी स्वतः बांधला, आणि तोही क्षणात. फ्रॉइडने विनोदावरच्या आपल्या १९०५च्या पुस्तकात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. विनोदातला आनंद मनाचे श्रम वाचण्यातून येतो, आणि ओळखीचं काही अचानक पुन्हा भेटलं की माणसाला सुख होतं. त्याच्या इतर सिद्धांतांबद्दल वाद असतील, पण कॉलबॅकच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी अचूक लागू पडतात. श्रम वाचतात, आणि जुनी ओळख नव्या जागी भेटते.

'नव्या जागी' हे मात्र विसरून चालणार नाही. तिसरा मित्र "आणि लग्नातसुद्धा बिल आल्यावर नंदूला फोन आला" एवढंच म्हणाला असता, तर लोक नुसते हसल्यासारखे करून गप्प झाले असते. तो विनोद राहिला नसता, पालुपद झालं असतं. पालुपद जसंच्या तसं परत येतं आणि कधी येणार हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं. कॉलबॅक वेश बदलून येतो. इथे मोबाइल नसतानाही फोन आला. जुना टोला ओळखू येतो, आणि तो इथे भेटेल असं वाटलेलं नसतं, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडाव्या लागतात. म्हणूनच मधे अंतर हवं. पहिल्या टोल्यानंतर लगेचच दुसरा आला, तर लोक अजून फोनचाच विचार करत असतात आणि आश्चर्य उरत नाही. फारच उशिरा आला, तर निम्म्या हॉलला धागा सापडत नाही. नेमकं किती अंतर ठेवावं, याचं घड्याळी माप नाही. मधे दोन-तीन वेगळे विषय होऊन जावेत आणि लोकांचं लक्ष तिथून पुरतं उठलेलं असावं, एवढं पाहिलं की पुरतं.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही विनोदी कार्यक्रमाला लागू आहे. रोस्टमध्ये त्यावर आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते मोठ्या हशाचं खरं कारण तीच आहे. रोस्टचा प्रत्येक टोला लागणारा असतो. पहिल्यांदा तो बसतो तेव्हा श्रोत्यांचा एक डोळा सत्कारमूर्तीच्या चेहऱ्यावर असतो. याला राग आला का? बायको हसतेय का? त्या धाकधुकीपायी पहिला हशा जरा हात राखूनच येतो. नंदू मोकळेपणाने हसला की त्या विषयाला जणू परवानगी मिळते. पीटर मॅक्ग्रॉ आणि केलेब वॉरन या अभ्यासकांनी २०१० साली असं मांडलं, की एखादी गोष्ट मर्यादा ओलांडणारी आणि त्याच वेळी निरुपद्रवी वाटली, तरच माणूस हसतो. पहिल्या टोल्यात मर्यादा ओलांडल्याचं कळतं, पण तो निरुपद्रवी आहे की नाही हे अजून ठरलेलं नसतं. टोला परत येतो तोवर ते ठरलेलं असतं. म्हणून लोक चेहरा तपासत बसत नाहीत, थेट हसतात.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. रोस्टमधले बहुतेक विनोद आधी लिहून आणलेले असतात. मोठ्या कार्यक्रमांत तर लेखकांची आख्खी फळी त्यासाठी राबते. श्रोत्यांनाही हे माहीत असतं. अशात एखादा कलाकार पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्याने मारलेला टोला उचलून आपल्या बोलण्यात गुंफतो, तेव्हा हे इथेच, आत्ताच सुचलं आहे, हे लोकांना जाणवतं. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे सप्टेंबर २०११मधला चार्ली शीनचा रोस्ट. सेथ मॅकफार्लेन सूत्रधार होता; माइक टायसन, विल्यम शॅटनर, एमी शूमर, अँथनी जेसेलनिक अशी मंडळी व्यासपीठावर होती. पॅट्रिस ओनील या कलाकाराचा क्रम पार शेवटी, शीनच्या उत्तराच्या आधी होता. तोवर इतरांनी त्याच्या वजनावरून आणि मधुमेहावरून त्याला यथेच्छ धुतलं होतं. ओनीलने लिहून आणलेलं बरंचसं बाजूला ठेवलं आणि आधी बोललेल्या एकेकाचा समाचार घेतला. शेवटचा क्रम कलाकारांना नकोसा असतो, कारण लोक दमलेले असतात आणि बहुतेक विषय संपलेले असतात. त्याने तीच अडचण भांडवल म्हणून वापरली, कारण तोवर सगळ्या संध्याकाळची मांडणी तयार होती.

आता मला ज्याबद्दल जास्त तळमळीने सांगायचं आहे, ते बोलतो. एकच विषय पुन्हा पुन्हा काढणं म्हणजे कॉलबॅक नव्हे. २०१३ साली जेम्स फ्रँकोच्या रोस्टमध्ये भारतीय वंशाच्या अझीझ अन्सारीवर एकामागून एक वक्त्यांनी ठरावीक 'भारतीय' विनोद मारले. अन्सारीची पाळी आली तेव्हा त्याने त्या विनोदांच्या शिळेपणालाच लक्ष्य केलं. आधीचे सगळे टोले एका मुठीत धरून त्याने परत भिरकावले. खरा कॉलबॅक त्याचा होता. आधीच्यांची नुसती पुनरावृत्ती होती. मे २०२४मध्ये फुटबॉलपटू टॉम ब्रेडीचा रोस्ट नेटफ्लिक्सवर थेट दाखवला गेला. त्यात त्याच्या घटस्फोटावर वक्त्यामागून वक्ते येत राहिले. ब्रेडीने नंतर जाहीरपणे सांगितलं, की आपल्यावरचे विनोद आपल्याला आवडले, पण त्यांचा मुलांवर जो परिणाम झाला तो आवडला नाही. ज्या परवानगीबद्दल मी वर लिहिलं, ती खुर्चीत बसलेल्या माणसाने दिलेली असते. घरी बसलेल्या मुलांनी ती दिलेली नसते.

कॉलबॅकला आणखी एक धोका असतो तो कात्रीचा. मूळ टोला संकलनात उडाला, की परतीचा टोला अनाथ होतो. आपल्या मुंबईत २० डिसेंबर २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात 'एआयबी नॉकआउट' झाला. रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर हे सत्कारमूर्ती होते, करण जोहर सूत्रधार, आणि प्रेक्षक सुमारे चार हजार. जानेवारीअखेर त्याची चित्रफीत यूट्यूबवर आली, तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती काढून घेण्यात आली. त्यातली भाषा अनेकांना असभ्य वाटली, आणि तसं वाटण्याचा त्यांना हक्क होता. पण रोस्ट तुकड्यांत पाहणं त्यावर अन्याय करतं, हेही खरं. दोन तास सभागृहात बसलेल्या माणसाच्या डोक्यात मांडणी असते, एक मिनिटाचा तुकडा पाहणाऱ्याकडे नुसता टोला पोचतो.

नंदूचा कार्यक्रम अजून संपलेला नाही. शेवटी तो उत्तर द्यायला उभा राहतो. सगळ्यांचे आभार मानतो, जेवण छान होतं म्हणतो, हॉलही छान आहे म्हणतो. तेवढ्यात त्याची नजर दाराशी उभ्या असलेल्या हॉलच्या मॅनेजरवर पडते. तो थांबतो, खिशातून फोन काढतो, कानाला लावतो आणि एक शब्दही न बोलता बाहेर चालू लागतो. त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा इथे येतो. कारण टोला आता मारणाऱ्यांच्या हातात राहिला नाही. ज्याला तो लागला, त्यानेच उचलून तो आपलासा केला. शब्दही लागला नाही, कारण तिसऱ्या खेपेला सगळा हॉल ते वाक्य मनातल्या मनात म्हणत होता. चांगल्या रोस्टमध्ये शेवटचं भाषण सत्कारमूर्तीचं ठेवतात, ते याचसाठी.

तुमच्या घरी, कचेरीत किंवा जुन्या वर्गमित्रांच्या मेळाव्यात असा कार्यक्रम करणार असाल, तर दोन गोष्टी करा. प्रत्येक वक्त्याला कागदावर खाली दोन ओळी रिकाम्या ठेवायला सांगा, आधीच्यांचं ऐकून तिथे लिहिण्यासाठी. आणि पहिल्या टोल्याच्या वेळी सत्कारमूर्तीच्या चेहऱ्याकडे नीट पाहा, त्याच्या घरच्यांच्या चेहऱ्याकडेही. त्यातलं कोणी हसलं नाही, तर तो टोला कागदावरून खोडून टाका आणि त्या संध्याकाळी पुन्हा काढू नका.