चाळीस रुपयांचा अर्ज

भरतीच्या जाहिरातींचा अहवाल साधारणपणे दोन आकड्यांभोवती फिरतो. पहिला आकडा म्हणजे एका अर्जामागे पडलेला खर्च: जाहिरातीवर घातलेल्या पैशांना आलेल्या अर्जांनी भागायचे. दुसरा म्हणजे एका पात्र भरतीमागचा खर्च: जे रुजू झाले, ज्यांना काम जमले आणि जे टिकले, तेवढ्यांनीच भागायचे. पहिला आकडा जाहिरात सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशीही मिळतो. दुसऱ्यासाठी तीन-चार महिने थांबावे लागते. मिळायला सोपा असल्यामुळे पहिलाच आकडा बैठकीत मांडला जातो आणि पुढच्या महिन्याचे पैसे कुठे लावायचे हेही त्यावरूनच ठरते.

समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला सीएनसी ऑपरेटर हवे आहेत. त्याने ६० हजार रुपये एका जॉब पोर्टलवर आणि तितकेच फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर खर्च केले. पोर्टलवरून २०० अर्ज आले, म्हणजे अर्जामागे ३०० रुपये. सोशल मीडियावरून दीड हजार आले, म्हणजे अर्जामागे फक्त ४० रुपये. इथे अहवाल संपला, तर पोर्टल बंद करून सगळे पैसे सोशल मीडियावर टाकणेच शहाणपणाचे दिसेल.

आता त्याच अर्जांचा पुढचा प्रवास पाहू. सोशल मीडियावरच्या दीड हजारांपैकी ६०० जणांनी फोन उचलला. त्यांत आयटीआयचे टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडचे प्रमाणपत्र आणि मशीनवरचा अनुभव असलेले १५० निघाले. ट्रेड टेस्टला ६० आले, १२ जणांना ऑफर मिळाली, ८ रुजू झाले आणि ९० दिवसांनंतर ५ कामावर होते. पोर्टलच्या २०० पैकी १५० जणांशी बोलणे झाले, ८० पात्र ठरले, ४५ टेस्टला आले, १८ जणांना ऑफर गेली, १५ रुजू झाले आणि १२ टिकले. टिकलेल्या माणसामागचा खर्च पोर्टलवर ५ हजार रुपये पडला, सोशल मीडियावर १२ हजार. आधी साडेसात पट स्वस्त दिसलेला मार्ग प्रत्यक्षात दुपटीहून महाग ठरला.

याचे मूळ अर्ज भरण्याच्या पद्धतीत आहे. फेसबुकवर जाहिरातीतच उघडणारा फॉर्म असतो. त्यात नाव, मोबाइल, ईमेल ही माहिती वापरकर्त्याच्या खात्यातून आपोआप भरलेली येते, आणि रील पाहता पाहता अंगठ्याच्या दोन-तीन टिचक्यांत अर्ज जातो. अनेकांना आपण अर्ज केल्याचे दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. काहींच्या खात्यात जुना नंबर असतो, त्यामुळे फोनच लागत नाही. पोर्टलवरचा उमेदवार मुळात नोकरी शोधायलाच आलेला असतो. त्याने शिक्षण, अनुभव, गाव ही माहिती आधीच भरलेली असते. त्याचा अर्ज महाग पडतो, कारण चाळणीचे थोडे काम त्याने स्वतःच केलेले असते.

सोशल मीडियावर चाळणीचे तेच काम कारखान्याच्या एचआर विभागावर येते, आणि ते जाहिरातीच्या बिलात दिसत नाही. एका अर्जामागे, न लागलेले फोन धरून, सरासरी ५ मिनिटे गेली तर दीड हजार अर्जांना १२५ तास लागतात. पगार, फोन, जागा धरून तासाला १५० रुपये मोजले तर हा खर्च १८,७५० रुपये होतो. पोर्टलच्या २०० अर्जांसाठी तो २,५०० रुपयेच आहे. हे जोडल्यावर टिकलेल्या माणसामागचा खर्च सोशल मीडियावर १५,७५० आणि पोर्टलवर सुमारे ५,२०० रुपये होतो. भरतीचा खर्च मोजण्याच्या रूढ पद्धतीतही बाहेरचा आणि आतला असे दोन्ही खर्च धरतात. आतला खर्च गाळून केलेली तुलना अपुरीच राहते.

हे सगळे आकडे एकाच गोष्टीवर उभे आहेत: कोणता माणूस कुठून आला याची नोंद. एखादा तरुण इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहतो आणि संध्याकाळी पोर्टलवर तीच कंपनी शोधून अर्ज करतो. जाहिरातीचा प्लॅटफॉर्म स्वतःच्या नियमाने असा माणूस आपल्या खात्यात धरू शकतो, आणि पोर्टलही धरते. म्हणून दोघांच्या डॅशबोर्डवरची बेरीज खऱ्या उमेदवारांपेक्षा जास्त भरते. यावर साधा उपाय म्हणजे सगळे अर्ज एकाच तक्त्यात आणून मोबाइल नंबरवरून दुबार नावे काढणे, आणि पहिल्या फोनवरच ‘जाहिरात कुठे पाहिली?’ असे विचारून ठेवणे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज घेतले जात असतील, तर प्रत्येक जाहिरातीच्या दुव्याला वेगळी खूण लावता येते:

```
?utm_source=instagram&utm_campaign=cnc_chakan
```

ही खूण उमेदवाराच्या नोंदीत शेवटपर्यंत टिकली पाहिजे. बहुतेक ठिकाणी अर्जाच्या तक्त्यात ती असते, पण रुजू होणाऱ्यांची यादी पगार विभागाकडे जाते तिथे ती गळून पडते. मग अंदाजाने रकाने भरले जातात.

दुसरी चूक महिन्यांची सरमिसळ करण्याची. जुलैचा खर्च आणि जुलैत रुजू झालेली माणसे यांचा भागाकार निरर्थक असतो, कारण जुलैत रुजू झालेला मे किंवा जूनच्या जाहिरातीतून आलेला असतो. आयटी क्षेत्रात, जिथे नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असतो, तिथे ही गफलत आणखी मोठी होते. म्हणून जुलैत अर्ज केलेल्यांचा एक गट धरायचा आणि त्याचाच शेवटपर्यंत माग काढायचा. ‘पात्र’ कोणाला म्हणायचे हेही जाहिरात सुरू होण्याआधी लिहून ठेवावे लागते. आकडे पाहून व्याख्या सैल केली की कोणताही मार्ग चांगला दिसू शकतो.

वरच्या उदाहरणातला ५ आणि १२ यांतला फरकही सावधपणे वाचायला हवा. सोशल मीडियावरून आलेले आणखी दोघे टिकले असते, तर खर्च १५,७५० वरून ११,२५० वर उतरला असता. इतक्या कमी माणसांवर दोन-तीन हजारांच्या फरकावरून निर्णय घेणे धोक्याचे. इथे अंतर तिपटीचे आहे म्हणून त्याला वजन आहे. शिवाय हा निकाल सीएनसी ऑपरेटरपुरताच आहे. पॅकिंगसाठी किंवा गोदामात माल उचलण्यासाठी माणसे हवी असतील तर प्रमाणपत्राची अट नसते, फोन उचलणारे बहुतेकजण पात्र ठरतात आणि सोशल मीडियाचा स्वस्त अर्ज खरोखरच स्वस्त पडू शकतो. प्रत्येक पदाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

सोशल मीडियाचा मार्ग सुधारताही येतो. प्लॅटफॉर्मला फक्त ‘जास्त फॉर्म’ हे लक्ष्य दिले, तर त्याची यंत्रणा सहज फॉर्म भरणारी माणसे शोधून काढते, मग ती नोकरीच्या शोधात असोत वा नसोत. फॉर्म पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लावणारा प्रकार निवडला, ट्रेड आणि अनुभव विचारणारे दोन प्रश्न घातले आणि कोणते अर्ज पात्र ठरले हे प्लॅटफॉर्मला परत कळवत राहिले, तर तीच यंत्रणा वेगळी माणसे शोधू लागते. मात्र त्यानंतर अर्ज कमी येतात आणि अर्जामागचा खर्च ४० रुपयांवरून बराच वर जातो. अहवाल वाचणाऱ्या वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवावे लागते, नाहीतर पहिला टिकलेला माणूस मोजायच्या आतच, दुसऱ्या आठवड्यात जाहिरात बंद करण्याचा निरोप येतो.