एकाच मोहल्ल्याचा एजंट : आठवड्याला चार मजकूर, बाकी दिवस गप्प

भिवंडीत ग्रे कापडाचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक आहे. दलालाने नमुना म्हणून एक ताका दाखवला आणि टेम्पोतून दुसराच माल उतरला, तर त्या दलालाला पुन्हा कोणी गादीवर बसू देत नाही. घरे भाड्याने लावून देणाऱ्या एजंटांचा धंदा आता मोबाईलवर गेला आहे, पण तिथेही एतबार याच कारणाने तुटतो.

आमच्या गादीच्या वरच्या खोलीत असा एक तरुण एजंट बसतो. कोणत्याही कंपनीचा नाही, काम एकाच मोहल्ल्यात. तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर रोज दहा-बारा घरांचे फोटो टाकीत असे. फोन पुष्कळ येत, पण विचारलेले घर बहुधा अगोदरच गेलेले असे. "ते गेले, दुसरे दाखवतो," हे ऐकून लोक कंटाळले. मोहल्ल्याच्या ग्रुपमधून त्याला काढून टाकले, तेव्हा तो खाली येऊन बसला. म्हणाला, "चाचा, मेहनत तर करतोय, मग चुकते कुठे?" आम्ही म्हटले, "बेटा, तू माल दाखवतोस, पण दोष लपवतोस आणि विकलेला माल काउंटरवरून उचलत नाहीस." मग दोघांनी मिळून आठवड्याचा तक्ता आखला.

त्याआधी स्टेटसचा एक नियम समजून घ्यावा. स्टेटस 24 तासांनी निघून जाते आणि साधारणपणे दोघांनी एकमेकांचा नंबर फोनमध्ये साठवला असेल तरच ते दिसते. म्हणजे अनोळखी हजार लोकांपेक्षा ज्यांनी आपला नंबर ठेवला आहे ते दोनशे शेजारी मोलाचे. घर नको असलेल्या माणसानेही नंबर ठेवावा असे काही आपण देतो का, हा खरा प्रश्न. म्हणून चारपैकी दोनच मजकूर धंद्याचे ठेवले.

सोमवारी मोहल्ल्याच्या उपयोगाची एक खबर. पाणी कोणत्या दिवशी बंद, कोणती गल्ली खोदली आहे, मालमत्ता कराची मुदत कधी. अट एकच : महापालिकेची सूचना स्वतः पाहिल्याशिवाय टाकायची नाही आणि सूचनेची तारीख लिहायची. पाणी येणार म्हणून सांगितले आणि आले नाही, तर चार बादल्या रिकाम्या ठेवून बसलेली बाई ते वर्षभर विसरत नाही.

बुधवारी एकच घर, पाऊण मिनिटाचा व्हिडिओ. इथे आम्ही कापडाचा कायदा लावला : दोष आधी. पहिल्या बुधवारचा मजकूर असा होता : "तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला ओल आहे. पाणी सकाळी एक तास. भाडे 7,000, अनामत 40,000, दलाली एक महिन्याचे भाडे." त्यावर पाचच फोन आले. पूर्वी तीस येत. मुलगा नाराज झाला. पण त्या पाचांतला कोणीही जिना पाहून परत फिरला नाही आणि तिसऱ्या कुटुंबाने घर घेतले. पूर्वीच्या तीस फोनांत त्याचा आठवडा जिने चढण्यातच जाई.

व्हिडिओ काढताना घरमालकाची परवानगी घ्यावी. घरात जुना भाडेकरू राहत असेल तर त्याचीही घ्यावी. बायका-मुले, कपाटे, दाराचा नंबर चित्रात येऊ देऊ नये. रिकाम्या घराचा पत्ता चारचौघांत सांगणे म्हणजे चोराला निमंत्रण.

शुक्रवारी जुम्यानंतर लोकांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न कराराचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे कळल्यावर नोंदणी टाळणारे दोन मालक आपण होऊन तयार झाले. एका शुक्रवारी एकच प्रश्न घ्यावा. पाच घेतले की कोणी वाचत नाही.

रविवारी हिशेब. आठवड्यात कोणते घर गेले, कोणते शिल्लक आहे, कोणत्याचे भाडे बदलले. इन्स्टाग्रामवर जुना व्हिडिओ राहिला असेल तर त्यावर "गेले" लिहावे किंवा काढून टाकावा. सोमवारची खबर चुकली असेल तर तीही इथेच दुरुस्त करावी. या कामाला अर्धा तास लागतो. पूर्वी जो एतबार तुटला होता, तो मुख्यतः हे काम न केल्यामुळे.

आता एक कठीण प्रसंग सांगतो. 2020 साली पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, तेव्हापासून भिवंडीत घर घेणारा इमारतीबद्दल आधी विचारतो. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-1 मधल्या एका खोलीसाठी मालकाने आमच्या मुलाला दुप्पट दलाली देऊ केली, 14,000 रुपये. मुलाच्या घरात तेव्हा बहिणीच्या लग्नाची तयारी चालू होती. दोन दिवस त्याला झोप लागली नाही. शेवटी त्याने नकार दिला.

त्याला त्या इमारतीविरुद्ध स्टेटस टाकायचे होते. आम्ही थांबवले. इमारत कशी आहे हे ठरवण्याचा अधिकार एजंटाला नाही. त्याने त्या सोमवारी चार वर्गांचा अर्थ आणि यादी कुठे पाहता येते एवढेच टाकले. तेव्हापासून बुधवारच्या घराखाली एक ओळ असते : "अमुक तारखेला यादी पाहिली, या इमारतीचे नाव त्यात नाही." "इमारत सुरक्षित आहे" असे तो लिहीत नाही, कारण नाव यादीत नसणे म्हणजे मजबुतीचा दाखला नव्हे.

काम चालले आहे की नाही हे किती जणांनी स्टेटस पाहिले त्यावरून कळत नाही. त्याच्या वहीत तीन रकाने आहेत : फोन कोणी केला, नंबर कोणी दिला, घर पाहून परत गेला तर का. दुसऱ्या रकान्यात शेजाऱ्यांची नावे वाढू लागली, तर तक्ता बरोबर आहे. तिसऱ्यात "सांगितले तसे नव्हते" असे एकदा जरी आले, तर त्या आठवड्याचा बुधवारचा मजकूर पुन्हा पाहावा.

या पद्धतीला मर्यादाही आहे. एकाच मोहल्ल्यात रिकामी घरे मोजकीच असतात. एखाद्या बुधवारी दाखवायला घर नसते. अशा वेळी शेजारच्या वस्तीतले घर उसने आणण्याचा मोह होतो. ज्या गल्लीतले पाणी आणि जिना आपल्याला माहीत नाही, तिथला दोष आपण सांगणार कसा? त्या बुधवारी मुलगा एवढेच लिहितो : "या आठवड्यात घर नाही." सहा महिन्यांत असे चारदा झाले. चौथ्या वेळी त्याच संध्याकाळी समोरच्या गल्लीतले एक वृद्ध घरमालक जिना चढून वर आले आणि त्यांनी आपल्या खोलीची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.