फेस पाहा, मग होडी सोडा

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाऱ्याची श्रेणी आखली, तेव्हा त्याचं लक्ष युद्धनौकेच्या शिडांवर होतं. कोणत्या वाऱ्यात किती शिडं उभारता येतात, यावरून तो अंक ठरवायचा. पुढे शिडं गेली आणि विसाव्या शतकात त्या जागी पाण्याचं वर्णन आलं. श्रेणी शून्य ते बारा अशी आहे, पण पाच-सहा मीटरच्या उघड्या होडीचा निकाल तीन ते सहा या अंकांतच लागतो.

तीनच्या वाऱ्यात लाटांचे माथे नुकते फुटू लागतात आणि पांढरा फेस तुरळक दिसतो. अशा वाऱ्यात होडी मजेत चालते. चारला फेस वरचेवर दिसतो, लाटा मीटरभर उठतात, आणि कमी काठाच्या होडीत पाणी उडू लागतं. पाचला, म्हणजे 17 ते 21 नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर), जिकडे पाहावं तिकडे पांढरंच. अननुभवी माणसाने त्याआधीच परतलेलं बरं. सहाला मोठ्या लाटा आणि सर्वत्र तुषार. तिथे लहान होडीचं काम नाही. हवामान खात्याच्या इशाऱ्यातला ताशी 45 ते 55 किलोमीटरचा वारा म्हणजे सहा-सात.

हा अंदाज अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावरून करू नये. समजा, वारा 18 नॉटचा आहे आणि होडी वाऱ्याबरोबर 6 नॉटने चालली आहे. अंगाला लागतो फक्त 12 नॉटचा वारा, म्हणजे चार. त्यात लाटांच्या पाठी दिसत असतात, त्यामुळे समुद्रही सौम्य वाटतो. परतीला होडी वळवली की तोच वारा 24 नॉटचा लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून मार चौपट! फेस मात्र दोन्ही वेळा पाचचाच असतो.

पण पाणीही फसवतं. वारा नुकताच वाढला असेल, तर लाटा उठायला वेळ लागतो. जोराचा पाऊस लाटांचे माथे दडपतो. कोकणात सकाळी जमिनीवरून वारा असताना किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसतं, कारण लाट वाढायला अंतरच मिळालेलं नसतं. तोच वारा बाहेर खोलवर वेगळं रूप दाखवतो.

सर्वांत वाईट जागा खाडीचं तोंड. दुपारी समुद्रावरून चारचा वारा असावा आणि नेमकी ओहोटी लागावी. बाहेर जाणारं पाणी लाटांना सामोरं भिडतं, लाटा आखूड आणि उभ्या होतात, दांड्यावर फुटतात. अशी लाट होडीला आडवी लागली तर उलटवू शकते. तेव्हा बाहेर थांबून भरती लागण्याची वाट पाहावी, डिझेल तेवढं शिल्लक ठेवूनच निघावं.