पालथ्या हाताच्या फोटोत न दिसणारी गोष्ट

हाताचा फोटो बाजूने काढलेला नसेल, तर त्यावरून क्लबिंग आहे की नाही हे लिहू नये. डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सर्वांत आधी सांगतो, कारण नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते. पालथे हात टेबलावर ठेवून वरून काढलेल्या फोटोत बोटांची टोकं रुंद आणि गोलसर दिसली की वर्णन लिहिणारा लगेच ‘क्लबिंग’ लिहून मोकळा होतो. पण क्लबिंग म्हणजे नुसतं रुंद टोक नव्हे. क्लबिंगमध्ये नख आणि त्याच्या मुळाशी असलेली त्वचा यांच्यातला कोन बदलतो, आणि तो कोन बाजूनेच दिसतो.

आपलीच तर्जनी डोळ्यांसमोर आडवी धरून पाहा. नखाच्या मुळाशी, जिथे त्वचेची घडी संपते आणि नख सुरू होतं, तिथे एक हलकी खोलगट जागा दिसेल. निरोगी बोटात हा कोन साधारण १६० अंशांचा असतो. क्लबिंगमध्ये नखाखालचा मऊ भाग सुजतो आणि नखाचं मूळ वर उचललं जातं. आधी खोलगटपणा भरून निघतो, पुढे कोन १८० अंशांच्याही पलीकडे जातो. हा कोन पाहण्याची पद्धत लव्हिबाँड या डॉक्टरांनी १९३८ मध्ये मांडली. तिचा मोठा उपयोग असा, की काही माणसांची नखं जन्मापासूनच टोकाकडे वाकलेली असतात. वरून ती क्लबिंगसारखी वाटतात, बाजूने पाहिलं तर मुळाशी खोलगटपणा शाबूत असतो.

बाजूच्या फोटोवर आणखी एक मोजमाप करता येतं. नखाच्या मुळापाशी बोटाची जाडी मोजायची आणि टोकाजवळच्या शेवटच्या सांध्यापाशीही मोजायची. निरोगी बोटात सांध्याची जाडी जास्त असते. नखाच्या मुळापाशी बोट सांध्यापेक्षा जाड झालं असेल, तर ते क्लबिंगच्या बाजूचं पक्कं चिन्ह समजावं. दोन्ही मापं एकाच फोटोतली असल्याने मिलिमीटरची पट्टी नसली तरी चालतं, गुणोत्तर तेच राहतं.

मात्र फोटो फसवतो, आणि मोबाइलचा फोटो जास्त फसवतो. मोबाइल बोटाच्या अगदी जवळ नेला की लेन्सजवळचं टोक फुगलेलं दिसतं, मागचा सांधा बारीक. अशा फोटोवरून गुणोत्तर काढलं तर धडधाकट माणसालाही क्लबिंग ठरेल. म्हणून हात-दीड हात अंतरावरून झूम करून, बोट लेन्ससमोर सरळ आडवं ठेवून फोटो घ्यावा. आणि क्लबिंगची पहिली पायरी तर कोणत्याही फोटोत येत नाही. तिथे नखाचं मूळ दाबलं की ते खाली स्पंजसारखं हलतं, एवढीच खूण असते, आणि ती बोटांनाच कळते. ‘फोटोत क्लबिंग दिसत नाही’ आणि ‘रुग्णाला क्लबिंग नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

दोन बोटांचा एकत्र फोटो ही आणखी एक चांगली युक्ती. तिच्यामागची गोष्ट सांगण्याजोगी आहे. लिओ शामरॉथ हे दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांना स्वतःलाच हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग झाला, आणि आजारासोबत स्वतःच्या बोटांत येणारं क्लबिंग त्यांनी न्याहाळलं. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून समोरासमोर धरली, तर निरोगी माणसात मुळांपाशी शंकरपाळ्याच्या आकाराची एक छोटी फट उरते. क्लबिंगमध्ये ती फट बुजते. हे निरीक्षण त्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलं. फोटोसाठी ही खूण सोयीची आहे. मागे उजेड असला की फट आहे की बुजली, हे सहज कळतं.

कॉइलोनायकिया, म्हणजे चमच्यासारखी खोलगट झालेली नखं, यांच्या बाबतीत खरा प्रश्न उजेडाचा आहे. नखाच्या मधल्या भागाला खळगा पडतो, कडा वर येतात. शरीरातलं लोह फार दिवस कमी राहिलं की नख पातळ होतं आणि असं खचतं. पण समोरून फ्लॅश मारला की खळगा नाहीसा होतो, नखावर फक्त एक पांढरा चट्टा चमकतो. दिवा किंवा खिडकी एका बाजूला हवी, म्हणजे एका कडेची सावली खळग्यात पडते. इथे आपली नजरही दगा देते. उजेड वरून येतो असं ती गृहीत धरते. त्यामुळे फोटो उलटा झाला की खड्डा उंचवट्यासारखा दिसू लागतो. खोलगट नखाचं वर्णन लिहिताना उजेड कोणत्या बाजूने आहे ते आधी शोधावं. शंका असेल तर नखावर पाण्याचा एक थेंब ठेवून पुन्हा फोटो घ्यावा. सपाट किंवा फुगीर नखावरून तो ओघळतो, खोलगट नखात टिकून राहतो. तान्ह्या बाळांच्या पायाची नखं बहुधा खोलगट असतात आणि मोठं होताना ती आपोआप सरळ होतात, तिथे घाबरण्याचं कारण नाही. सतत पाण्यात आणि साबणात काम करणाऱ्यांचीही नखं अशी होतात.

तिसरी खूण सर्वांत बारीक. स्प्लिंटर हॅमरेज म्हणजे नखाखाली दिसणाऱ्या लाल, तपकिरी किंवा काळपट रेघा, कुसळ रुतल्यासारख्या. लांबी बहुधा एक ते तीन मिलिमीटर. त्या नेहमी उभ्या, म्हणजे मुळाकडून टोकाकडे असतात, कारण नखाखालच्या केशवाहिन्या त्याच दिशेने जातात. एखादी केशवाहिनी फुटली की रक्त त्याच अरुंद चरात पसरतं. फोटोत त्यांच्याशी गोंधळ होतो तो काळ्या पट्ट्यांचा. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेच्या लोकांत नखावर रंगद्रव्याची उभी पट्टी ही नेहमीची गोष्ट आहे. ती नखाच्या मुळापासून टोकापर्यंत अखंड जाते, स्प्लिंटरची रेघ मध्येच सुरू होऊन मध्येच संपते. म्हणून रेघेची दोन्ही टोकं कुठे आहेत, हे वर्णनात आलंच पाहिजे.

रेघ नखाच्या कोणत्या भागात आहे, यालाही अर्थ असतो. टोकाजवळच्या एक-दोन तपकिरी रेघा बहुतेक वेळा किरकोळ माराच्या असतात. भांडी घासणारे, सुतारकाम करणारे, शेतात राबणारे, अशा कुणाच्याही नखांत त्या सापडतील. मुळाकडच्या किंवा मधल्या भागात, एकाच वेळी अनेक बोटांत, ताज्या लाल रेघा आल्या तर मात्र कान टवकारावेत. रक्त नखाच्या खालच्या बाजूला चिकटलं की ते नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन फोटो घेतले तर रेघ दीडएक मिलिमीटर पुढे गेलेली दिसेल. पण एकाच फोटोतल्या अंतरावरून ती किती दिवसांची आहे हे सांगता येत नाही, कारण ती नखाखाली कुठेही उमटू शकते.

आता एक उदाहरण घेऊ, शिकवण्यासाठी रचलेलं. समजा, अडतीस वर्षांच्या एका बाईंच्या हातांचे चार फोटो आहेत. त्या धुणीभांडी करतात आणि उजव्या हाताने कामं करतात. पहिल्या फोटोत दोन्ही पालथे हात, दुसऱ्यात उजवी तर्जनी बाजूने, तिसऱ्यात दोन्ही अनामिका नखाला नख लावलेल्या, चौथ्यात डाव्या अनामिकेचं नख जवळून.

घाईचं वर्णन असं येतं: ‘ॲनिमिया, क्लबिंग, हृदयाचा संसर्ग असावा.’ यात दिसलेलं एकही नाही, सगळे निष्कर्ष आहेत. नीट लिहिलं तर असं होईल: ‘उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं खोलगट, कडा वर आलेल्या, उजेड डावीकडून. उजव्या अंगठ्याच्या टोकाजवळ एक तपकिरी रेघ. डाव्या अनामिकेच्या नखात मधल्या भागात तीन गडद लाल उभ्या रेघा, प्रत्येकी सुमारे दोन मिलिमीटर, मुळापर्यंत किंवा टोकापर्यंत न पोहोचणाऱ्या. उजव्या तर्जनीत नखाच्या मुळाशी खोलगटपणा नाही, कोन जवळपास सरळ रेषेत. दोन्ही अनामिकांमध्ये फट दिसत नाही. मेंदीमुळे बोटांच्या टोकांचा फिकेपणा किंवा निळेपणा ठरवता येत नाही.’

या वर्णनावरून पुढे विचार करता येतो. उजव्या हाताची खोलगट नखं आणि अंगठ्याची रेघ पाण्यातल्या कामामुळेही असू शकतात. लोह कमी असण्याची शक्यता त्याने संपत नाही, रक्त तपासावंच लागेल. डाव्या अनामिकेच्या रेघा मात्र कामाने समजावता येत नाहीत. तो कमी वापराचा हात आहे, रेघा ताज्या आहेत आणि टोकापासून दूर आहेत. कोन बुजत आला आहे, दोन्ही बोटांत मिळून. एवढं हाती आल्यावर डॉक्टर बाईंना नेमके प्रश्न विचारतील: संध्याकाळी ताप येतो का, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? दोन्हीला ‘हो’ आलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर झडपेचा जादा आवाज ऐकू आला, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी टोचून रक्ताचे किमान तीन नमुने जंतू वाढवून पाहण्यासाठी घेतात आणि हृदयाची इको तपासणी करतात. आधी प्रतिजैविक दिलं तर जंतू रक्तात सापडेनासे होतात आणि कोणतं औषध चालेल हे कळत नाही.

नखांवरून निदान पक्कं होत नाही, हे मात्र स्पष्ट लिहायला हवं. झडपेच्या संसर्गाचं निदान करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्यूक निकषांत स्प्लिंटर रेघांना जागाच नाही, त्या इतक्या साध्या कारणांनी येतात. क्लबिंगची कारणंही अनेक: फुप्फुसाचा कर्करोग, पू झालेलं फुप्फुस, फुगून विद्रूप झालेल्या श्वासनलिका, फुप्फुसांत वाढत जाणारा चट्ट्यांचा आजार, जन्मतः हृदयदोष असलेली निळसर मुलं, यकृताचा सिरॉसिस. काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या असतं आणि कुठलाही आजार नसतो. नुसत्या दीर्घकालीन दम्याने किंवा विडी-सिगारेटच्या सीओपीडीने क्लबिंग येत नाही. अशा रुग्णात ते दिसलं तर दुसरं काही शोधलं पाहिजे, विशेषतः कर्करोग. एकाच हाताच्या बोटांत असेल, तर कारण बहुधा त्याच हाताच्या रक्तवाहिन्यांत किंवा नसांत सापडतं. म्हणून वर्णनात ‘दोन्ही हात’ की ‘एक हात’ आणि शक्य तिथे ‘पायाची बोटं’ हे शब्द सुटता कामा नयेत. काही जन्मजात दोषांत पायाची बोटं निळी आणि क्लबिंगची असतात, हाताची मात्र साधी.

फोटो घेताना नेलपॉलिश काढून ठेवावं, अंगठ्या काढाव्यात, मागे मळकट निळा किंवा करडा कापड अंथरावा. शेजारी एक पांढरा कागद ठेवला तर रंग नीट जुळवता येतात. कागदाशिवाय ‘फिकट’ हा शब्द लिहू नये. फोटोची तारीख, डावा की उजवा हात, उजेडाची दिशा ही नोंद त्याच दिवशी करावी. रुग्णाची लेखी संमती घ्यावी, आणि फोटो कुठे ठेवणार, कोणाला दाखवणार हे त्यांना आधी सांगावं. हाताची ओळख पटत नाही असं समजू नये, गोंदण आणि तळव्याचे ठसेही माणूस ओळखून देतात.

उपचारानंतर पुन्हा फोटो घ्यायचा असेल तर त्याच कोनातून, त्याच अंतरावरून, त्याच बाजूच्या उजेडात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर नखाचं नवं निरोगी मूळ पुढे येऊ लागतं, आणि हाताचं संपूर्ण नख बदलायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. कारण दूर झालं तर क्लबिंगही उतरू शकतं, पण त्याला काही महिने लागतात. त्या बदलाची पहिली खूण नखाच्या मुळाशी पुन्हा तयार होणाऱ्या त्या छोट्या खोलगटपणात, म्हणजे फक्त बाजूच्या फोटोत दिसते.