घाटात क्लच का तापतो?

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी बोरघाटात मोटारींची रांग लागलेली तुम्ही पाहिली असेल. गाड्या पाच-दहा मीटर पुढे सरकतात आणि पुन्हा थांबतात. अशा रांगेतल्या एखाद्या स्वयंचलित गिअरच्या गाडीत मध्येच शिटी वाजू लागते आणि क्लच फार तापला आहे अशा अर्थाचा संदेश डॅशबोर्डावर उमटतो. चालक गोंधळतो. इंजिनाच्या पाण्याचा काटा तर जागच्या जागी असतो, गाडीने वेग असा घेतलेलाच नसतो. मग तापले काय आणि कशाने? या प्रश्नाचे उत्तर शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानातून पूर्णपणे मिळते. त्यासाठी बल, अंतर आणि कार्य एवढ्याच गोष्टी आठवाव्या लागतील.

आधी यंत्र पाहू. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट नावाची दुसरी बिडाची तबकडी असून तीही इंजिनाबरोबरच फिरते. या दोहोंच्या मध्ये, सँडविचमधल्या काकडीच्या चकतीसारखी, क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर रिव्हेटांनी बसवलेले असते आणि ती गिअरबॉक्समार्फत चाकांना जोडलेली असते. स्प्रिंगच्या जोराने तिघी एकमेकींवर घट्ट दाबल्या गेल्या, की इंजिन आणि चाके एकत्र फिरतात. त्या विलग झाल्या, की इंजिन एकटेच फिरते. साध्या गाडीत हे काम चालकाचा डावा पाय करतो.

आपल्याकडे २०१४ साली आलेल्या मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून लहान गाड्यांत जी स्वयंचलित पद्धत रुळली, तिच्यात क्लच आणि गिअरबॉक्स नेहमीचेच ठेवले आहेत. फक्त डाव्या पायाच्या आणि गिअरच्या दांड्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने चालणारी हालक यंत्रणा बसवली आहे. क्लचचे पेडल दिसत नाही म्हणून क्लचच नाही असे पुष्कळांना वाटते, आणि बहुतेक घोटाळा तेथूनच सुरू होतो. दुसऱ्या एका जातीच्या स्वयंचलित गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल घुसळणारे साधन असते. तेथेही उष्णता निर्माण होते, पण ते तेल ती बाहेर वाहून नेते आणि थंड होऊन परत येते. आपला क्लच मात्र कोरडा आहे. त्याची उष्णता त्याच्याच अंगावर साठते.

आता गाडी सुरू होताना काय घडते ते पाहू. इंजिनाला फार सावकाश फिरवता येत नाही, ते बंद पडते. समजा, ते मिनिटाला १५०० फेरे करीत आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण जोडलेला असेल, तर लहान गाडी या फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास वेगाने चालते. पण गाडी तर उभी आहे. एक बाजू ३ मीटर वेगाने जाऊ पाहते, दुसरी शून्यावर आहे. ही तफावत भरून निघेपर्यंत तबकड्या एकमेकींवर घासत सरकल्या पाहिजेत. त्याला इलाज नाही.

माणसांसकट गाडीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम धरा. सपाट रस्त्यावर २ सेकंदांत तिने ३ मीटरचा वेग घेतला, तर त्वरण दीड आणि बल १५०० न्यूटन झाले. या २ सेकंदांत इंजिनाची बाजू, चाकांच्या हिशेबाने, ६ मीटर गेली. गाडीचा सरासरी वेग दीड मीटर असल्याने गाडी मात्र ३ मीटरच गेली. राहिलेले ३ मीटर हे निव्वळ सरकणे, त्याला आपण ‘सरक-अंतर’ म्हणू. बल गुणिले सरक-अंतर म्हणजे ४५०० ज्यूल, आणि तेवढी उष्णता क्लचमध्ये निर्माण झाली. गाडीला मिळालेली गतिज ऊर्जा काढून पाहा, तीही बरोबर ४५०० ज्यूल भरते. इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी अर्धी गाडीला मिळाली, अर्धी क्लचने खाल्ली.

आता हेच काम सावकाश, ४ सेकंदांत करा. बल निम्मे होऊन ७५० न्यूटन होते, पण सरक-अंतर दुप्पट होऊन ६ मीटर होते. गुणाकार तोच, ४५०० ज्यूल! इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवले, तर सपाटीवर क्लच हलके सोडा की झटक्याने सोडा, उष्णता तेवढीच. (शिक्षकांना येथे रोधातून भारित होणाऱ्या धारित्राची आठवण होईल. तेथेही रोध कितीही घेतला तरी निम्मी ऊर्जा जातेच.)

घाटात मात्र हा नियम मोडतो. दहास एक असा चढ घ्या, म्हणजे १० मीटर रस्त्याला १ मीटर उंची. गाडीचे वजन सुमारे १०,००० न्यूटन आहे, त्याचा दहावा भाग म्हणजे १००० न्यूटन बल तिला सतत मागे खेचत राहते. वेग वाढवण्याच्या बलात हे बल मिळवावे लागते. २ सेकंदांत गाडी सुरू केली तर २५०० न्यूटन गुणिले ३ मीटर, म्हणजे ७५०० ज्यूल. ४ सेकंद घेतले तर १७५० गुणिले ६, म्हणजे १०,५०० ज्यूल. ८ सेकंद रेंगाळलात तर १६,५०० ज्यूल. सपाटीवर वेळेला किंमत नव्हती, चढावर सगळी किंमत वेळेचीच आहे.

याचेच टोक पुढे येते. रांग थांबली आहे. पुढची गाडी आता हलेल या आशेने चालक ब्रेक लावत नाही, ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तोलून धरतो. गाडी मागेही जात नाही, पुढेही जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे कौशल्य वाटते. हिशेब काय सांगतो? बल १००० न्यूटन, आणि सरकण्याचा वेग सेकंदाला पुरा ३ मीटर. म्हणजे दर सेकंदाला ३००० ज्यूल, अर्थात ३ किलोवॉट. घरच्या १ किलोवॉटच्या तीन इस्त्र्या एका बंद डब्यात चालू ठेवाव्यात तसे हे झाले. यातला एक ज्यूलही गाडीला मिळत नाही, कारण गाडी हललेलीच नाही.

ही उष्णता किती तापमान चढवते? फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून उष्णता झेलणारे बीड पाच किलोग्रॅम धरू. एक किलोग्रॅम बीड एक अंश तापवायला सुमारे ४५० ज्यूल लागतात, म्हणून पाच किलोग्रॅमला सव्वादोन हजार. सपाटीवरच्या एका सुरुवातीने तापमान जेमतेम दोन अंश चढते. पण तोलून धरण्याचा खेळ मिनिटभर केला, तर १,८०,००० ज्यूल होतात आणि तापमान ८० अंशांनी चढते. ही सरासरी झाली. घासणारा पृष्ठभाग त्याहून पुष्कळ जास्त तापलेला असतो, कारण उष्णता आत झिरपायला वेळ लागतो.

आता घाटातले दोन चालक शेजारी शेजारी उभे करू. दोघेही दर अर्ध्या मिनिटाला एकदा ३ सेकंदांत गाडी सुरू करतात. त्यात २००० न्यूटन गुणिले साडेचार मीटर, म्हणजे ९००० ज्यूल होतात. पहिला चालक मधल्या वेळात ब्रेक दाबून ठेवतो. ब्रेक दाबला, की संगणक क्लच विलग करतो आणि घासणे थांबते. त्याचा क्लच दर फेरीला ४ अंश तापतो आणि मधल्या वेळात थोडा निवतोही. दुसरा चालक दर वेळी २० सेकंद गाडी तोलून धरतो. त्याच्या खात्यात आणखी ६०,००० ज्यूल पडतात, एका फेरीला एकूण तीस अंश. पाच मिनिटांत दहा फेऱ्या होतात. काही उष्णता निसटते हे धरूनही त्याचा क्लच दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे सहज जातो. तेथे अस्तरातले राळेसारखे बंधक द्रव्य जळू लागते, करपल्याचा उग्र वास येतो आणि घर्षण कमी होते. घर्षण कमी झाले म्हणजे सरकणे वाढले, सरकणे वाढले म्हणजे उष्णता वाढली. संदेश येतो तो या फेऱ्यात सापडण्याआधी.

हा संदेश देणाऱ्या संगणकाला तापमान कळते कसे? मधली तबकडी फिरती असल्यामुळे तिच्यावर तापमापक बसवणे अवघड असते. म्हणून बहुतेक ठिकाणी संगणक आपण आता केला तोच हिशेब करतो. इंजिनाचे फेरे, गिअरबॉक्सचे फेरे आणि क्लचमधून जाणारा जोर यांवरून तो दर क्षणी जमा झालेली उष्णता मोजतो आणि निसटलेली वजा करतो. त्यामुळे नाकाला काही कळण्याआधीच संदेश येऊ शकतो, तो खोटा समजू नये.

संदेश आल्यावर गाडी सुरक्षित जागी घेऊन न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि हँडब्रेक ओढावा. इंजिन संथ चालू ठेवले तर फिरत्या तबकड्या आतली हवा घुसळतात आणि निवणे थोडे लवकर होते. तरीही दहा-पंधरा मिनिटे द्यावीच लागतात, कारण क्लच बंद घरात असतो आणि थांबलेल्या गाडीला वाराही लागत नाही. घाटात रेडिएटरवर पाणी ओतायची आपल्याकडे सवय आहे. येथे त्याचा काही उपयोग नाही. चढावर सुटल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी जी सोय काही गाड्यांत असते, तीही दोन-तीन सेकंदांपुरतीच, पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेण्यासाठी असते. तिच्या भरवशावर रांगेत उभे राहता येत नाही.

रांगेत हातभर पुढे सरकण्यापेक्षा दोन-तीन गाड्यांइतकी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एका दमात जावे. सरकण्याची किंमत दर सुरुवातीला मोजावी लागते, म्हणून सुरुवाती कमी तर उष्णता कमी. हातभरच सरकले तर वेग ३ मीटरपर्यंत पोचत नाही आणि क्लच एकदाही पूर्ण जुळत नाही. सगळा वेळ तो घासतच राहतो. मागचे हॉर्न वाजवतील, ते वाजवू द्यावेत.

तापणे आणि झिजणे यांत मात्र फरक करायला हवा. तापलेला क्लच निवला, की बहुधा पूर्ववत चालतो. झिजलेला कितीही थांबलात तरी परत येत नाही, कारण रिव्हेटांच्या वर अस्तर असते मिलिमीटरभर किंवा थोडे अधिक, आणि ते गेलेले असते. तबकडी पातळ होते तशी क्लच पकड घेण्याची जागा बदलत जाते. संगणक ती जागा पुन्हा पुन्हा शिकून घेतो, म्हणून चालकाला झीज उशिरा कळते. पडताळा घ्यायचा तर गाडी निवलेली असताना, मोकळ्या चढावर, हाताने गिअर बदलण्याची सोय वापरून गिअर एकच ठेवावा आणि ॲक्सिलरेटर दाबावा. फेऱ्यांचा काटा भरभर वर गेला आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला, तर तबकडी सरकते आहे. गिअर हाताने धरून ठेवायचा तो अशासाठी, की चढावर संगणक आपणहून खालचा गिअर टाकतो. तेव्हाही फेरे असेच उसळतात आणि चांगल्या क्लचवर विनाकारण संशय येतो.