सिल्व्हर नायट्रेटची बाटली आणि वहीतली शिल्लक

क्षारात क्लोराइड आहे का, हे पाहायला सिल्व्हर नायट्रेटचे दोन-चार थेंब पुरतात. लगेच पांढरा साका येतो. शाळेच्या रसायनांच्या कपाटातली ही बहुधा सर्वांत महागडी बाटली, कारण तिच्यात खरी चांदी असते. म्हणूनच प्रयोगशाळेची नोंदवही किती चोख आहे, हे तपासायला हीच बाटली हाती घ्यावी.

प्रयोगशाळेत साधारणपणे दोन प्रकारच्या नोंदी असतात. तराजू, स्टँड, सूक्ष्मदर्शक अशा टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जातात. आम्ल, क्षार, गाळणकागद असं खर्ची पडणारं सामान वेगळ्या वहीत लिहितात. या दुसऱ्या वहीत आवक, जावक आणि शिल्लक असे रकाने असतात, आणि चूक बहुतेक वेळा जावकच्या रकान्यात होते.

समजा, जूनमध्ये २५ ग्रॅमची नवी बाटली आली. प्रयोगशाळा सहाय्यकाने सील फोडण्याआधीच झाकणासकट तिचं वजन करून ते वहीत टिपलं. डेसिनॉर्मल द्रावणाला लिटरमागे १७ ग्रॅम लागतात, म्हणजे १०० मिलीलिटरला १.७ ग्रॅम. जुलैत एकदा द्रावण केलं, शिल्लक २३.३. सप्टेंबरात पुन्हा केलं, शिल्लक २१.६. मार्चमध्ये बाटली तराजूवर ठेवली, तेव्हा आत भरले फक्त १९.९ ग्रॅम. फरक नेमका १.७ ग्रॅमचा. म्हणजे कुणीतरी आणखी एकदा द्रावण केलं आणि लिहायचं राहून गेलं. सुरुवातीचं वजन टिपलं नसतं, तर बाटलीकडे नुसतं पाहून हा फरक कळला नसता. मात्र हिशेब जुळला म्हणजे रसायन चांगलंच आहे, असं नाही. फेरस सल्फेट हवेने तपकिरी पडतं, तरी वजनात ते शिल्लकच दिसतं. त्यासाठी शेऱ्याच्या रकान्यात रंग आणि बाटली उघडल्याची तारीख लिहावी लागते.

फूटतुटीच्या वहीत तारीख, वर्ग, तुकडी, वस्तू आणि सही असते. कारणाचा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी ‘हातातून पडली’ एवढ्यावर आटोपतात. वास्तविक सगळ्यात कामाचा रकाना हाच. एकाच तुकडीच्या चार परीक्षानळ्या ‘तापवताना तडकली’ अशा नोंदल्या असतील, तर मुलं बाहेरून ओली नळी ज्योतीवर धरतात किंवा तापलेली नळी लगेच नळाखाली नेतात, हे शिक्षकांना ओळखता येतं. पुढच्या तासाला ते दाखवून सुधारता येतं.

पाऱ्याचा थर्मामीटर फुटला, तर वहीत ‘१ नग फुटला’ एवढं लिहून भागत नाही. पारा कुठे सांडला, तो कसा गोळा केला आणि कोणत्या बंद डब्यात ठेवला, हेही लिहायला हवं. झाडूने तो आणखी बारीक होऊन फरशीच्या भेगांत शिरतो.

डेडस्टॉकमधली वस्तू मोडली, तरी ती लगेच वजा करत नाहीत. निर्लेखनाला मंजुरी मिळेपर्यंत तिचे तुकडे जपून ठेवावे लागतात.

येत्या जूनमध्ये नवी रसायनं येतील, तेव्हा प्रत्येक बाटलीचं सीलबंद वजन पहिल्याच ओळीत टिपून ठेवा.